होर्डिंगवरची 'बकेट' मराठीत कशी आणाल?

ताळगावची_तनू
मंडळी, मदत हवी आहे. मुंबईच्या एका एजन्सीने मला एका होर्डिंगचा फोटो पाठवला आहे. स्लॅबवर लावायच्या वॉटरप्रूफिंग कोटिंगची जाहिरात आहे. हायवेवर इंग्रजीत लागलेलीच आहे, पर्वरीहून म्हापशाकडे जाताना तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. आता तेच होर्डिंग फोंडा, डिचोली, साखळी आणि पेडण्यात मराठीत लावायचं आहे, कारण तिकडे घराघरांत मराठी पेपर वाचला जातो.

मथळा असा आहे: 'धिस मान्सून, किक द बकेट.'

इंग्रजीत याचा अर्थ 'मरणे'. आणि चित्रात खरीखुरी बादली आहे, तिला कुणीतरी लाथ मारतंय. म्हणजे गळक्या स्लॅबखाली बादली ठेवायची गरजच उरली नाही. इंग्रजी वाचणारा आधी दचकतो, मग चित्र बघून हसतो.

माझे प्रयत्न: 'या पावसाळ्यात बादलीला लाथ मारा.' नुसता हुकूम झाला, गंमत गेली. 'बादलीला रामराम ठोका.' बरं आहे, पण कुठल्याही वस्तूला लावता येईल असं. तुम्ही काय कराल?

उंडो_आणि_चा
'या पावसाळ्यात मरा.' थेट. प्रामाणिक.

ताळगावची_तनू
उंडो, एजन्सीला हाच पाठवते आणि खाली तुमचं नाव घालते.

सत्तरीकर
बरा विषय काढलात. आमच्या वाळपईच्या घराला अर्धा भाग कौलं आणि मागे नवीन स्लॅब. स्लॅब आणि जुनी चिऱ्याची भिंत जिथे मिळते तिथूनच दरवर्षी पाणी झिरपतं. दोनदा कोटिंग मारून झालं. हे होर्डिंगवालं कोटिंग कुणी वापरलंय का? बादली नको झाली आहे खरंच.

अस्नोडेकर
सत्तरीकर, धागा भाषांतराचा आहे हो! पण आलातच म्हणून सांगतो, सांध्यातून येणारं पाणी वरून कोटिंग मारून थांबत नाही. स्लॅब आणि भिंत पावसात-उन्हात वेगवेगळी हलतात, तिथे चीर पुन्हा उघडते. आधी तो सांधा खरवडून लवचीक मसाल्याने भरा, कोपऱ्याला गोलाई द्या, मग कोटिंग. आणि ते मे महिन्यातच, स्लॅब पूर्ण सुका असताना.

सत्तरीकर
देव बरें करूं. ही गोष्ट कुणी मिस्त्री सांगत नाही.

शब्दवेडा_सावर्डे
तनूताई, नियम सोपा आहे. म्हणीला म्हण, वाक्प्रचाराला वाक्प्रचार. इंग्रजीत मरणाचा वाक्प्रचार आहे तर मराठीतला मरणाचाच शोधायचा. गचकणे, आटोपणे, राम म्हणणे, कैलासवासी होणे. 'यंदा बादली कैलासवासी!' झालं काम. (मूळ वाक्प्रचार फाशी देताना पायाखालची बादली लाथाडायचे त्यावरून आला.)

आणि शब्दशः भाषांतर केलं की काय होतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शेवरोलेची नोव्हा गाडी. स्पॅनिशमध्ये 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून लॅटिन अमेरिकेत एकही गाडी खपली नाही.

निवृत्त_कॉपीवाला
शब्दवेडा, तुमच्या नियमातला अर्धा भाग बरोबर आहे, म्हणून उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलतो. मी मुंबईत जाहिरातीत बरीच वर्षं काढली, आता फोंड्याला आहे.

आधी नोव्हाची गोष्ट. ती प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी सांगायचंच. पण ती गाडी तिकडे ठीकठाक खपली होती. स्पॅनिश माणूस 'नोव्हा' हा एक शब्द म्हणून ऐकतो, तोडून वाचत नाही. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर 'नोव्हा' नावाने पेट्रोल विकलं. आणि बादलीचा उगम फाशीचाच असं ठाम सांगता येत नाही. १७८५च्या एका इंग्रजी कोशात हा वाक्प्रचार नोंदलेला आहे, पण दुसरी उपपत्ती अशी की कापलेलं डुक्कर ज्या आडव्या दांडीला टांगत तिलाही तिकडच्या बोलीत 'बकेट' म्हणत. वाद जुना आहे आणि आपल्या कामाला त्याचा उपयोग नाही.

आता मुद्द्याचं. होर्डिंगच्या ओळीत 'मरण' हा मजकूर नाही. ते फक्त आमिष आहे. त्या ओळीने तीन कामं केली आहेत: वाचणाऱ्याला तोंडपाठ असलेलं काहीतरी त्याच्यासमोर ठेवलं, चित्राने त्याचा अर्थ फिरवला, आणि त्या फिरण्यातून 'गळणार नाही' हे वचन दिलं. आपल्याला ही तीन कामं मराठीत करून हवीत. मरण आलं काय, नाही आलं काय, सारखंच. उलट नकोच म्हणेन. हे होर्डिंग एप्रिल-मेमध्ये लागणार, ऐन लग्नसराईत, आणि शेजारच्या खांबावर शालूची जाहिरात असणार. 'कैलासवासी' हा शब्द आपल्याकडे अजून श्रद्धांजलीच्या चौकटीत छापतात. इंग्रजीतला 'बकेट' तेवढा कुणाच्या घरात शिरत नाही.

कपड्याच्या साबणाचं 'दाग अच्छे हैं' आठवा. मूळ इंग्रजी कल्पना 'डर्ट इज गुड' अशी. हिंदीत 'मैल अच्छा है' केलं असतं तर लोकांनी नाक मुरडलं असतं. 'दाग' घेतल्यावर तो थेट मुलाच्या शर्टावरचा झाला.

माझी सूचना: 'बादलीचे शंभर भरले!' शिशुपालाचे शंभर अपराध भरले, आता गय नाही. पाणी भरणं आणि पाप भरणं एकाच शब्दात.

पेडण्याची_पोर
वाऽऽऽ! शंभर भरले! आमच्याकडे जत्रेतल्या नाटकांवर वाढलेल्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या झटक्यात कळेल. माझं मत यालाच.

उंडो_आणि_चा
मला पहिल्या झटक्यात पेट्रोल पंप आठवला. 'शंभरचं भर रे.'

निवृत्त_कॉपीवाला
हे हसण्यावारी नेऊ नका. उंडो, तुमचं वय विचारू का?

उंडो_आणि_चा
तेवीस. शिशुपाल माहीत आहे काका, पण 'भरले' आधी टाकीत जातं.

अस्नोडेकर
माझ्या पुतणीला विचारलं, तिने विचारलं, 'शंभर लिटरची बादली असते?' त्यात खाली वॉरंटीची वर्षं छापलेली असणार. एकाच होर्डिंगवर दोन आकडे आले की लोक त्यांची बेरीज-वजाबाकी करत बसतात.

फ्लेक्सवाला_दादा
मी म्हापशाला फ्लेक्स छापतो. सगळे ओळीवर भांडताय, चित्र कुणीच मागितलं नाही. तनूबाय, फोटो पूर्ण टाका. बादली भरलेली आहे की रिकामी? कारण 'भरले' म्हणायचं आणि वर रिकामी बादली उडताना दाखवायची, तर शब्द एका दिशेला आणि चित्र दुसऱ्या.

ताळगावची_तनू
फोटो चालत्या स्कूटरवरून काढलेला आहे आणि उजवी बाजू विजेच्या खांबामागे गेली होती, म्हणून काल संध्याकाळी मी स्वतः जाऊन समोर थांबून बघितलं. आता नीट सांगते.

पिवळसर हॉल. वर स्लॅबला ओलीचा तपकिरी डाग, पण सुकलेला. हवाई चपलेतला एक पाय, आणि निळी प्लास्टिकची बादली हवेत तिरकी उडालेली, तोंड खाली. एक थेंबसुद्धा सांडत नाहीये. म्हणजे रिकामी. खांबामागे दुसरी ओळ होती, ती एजन्सीच्या फोटोत दिसतच नव्हती: 'टेन यीअर्स. नॉट अ ड्रॉप.' शेवटी एक तारा, आणि अगदी खाली मुंगीएवढ्या अक्षरात अटी.

एजन्सीला विचारलं, चित्र बदलता येईल का. नाही. फोटोशूट झालंय, फक्त अक्षरं बदलायची.

फ्लेक्सवाला_दादा
मग शंभर गेले. बादली रिकामी आहे हाच तर त्या चित्राचा सगळा जीव.

निवृत्त_कॉपीवाला
मान्य. आणि दुसरी ओळ समोर आल्याने गणित बदललं. 'नॉट अ ड्रॉप' हे वचन खालच्या ओळीत सरळ सांगितलंय. म्हणजे मथळ्याला वचन समजावून सांगायची गरज नाही, तो खट्याळ असला तरी चालेल. अर्ध्या फोटोवरून भाषांतर करायला घेतलं की मथळ्यातच सगळं कोंबलं जातं, ते यामुळेच.

शब्दवेडा_सावर्डे
मग 'पालथ्या घड्यावर पाणी'? बादली पालथी आहेच, आणि स्लॅबवर पडलेलं पाणीही तसंच ओघळून जाणार. मला तर झकास वाटतंय.

अस्नोडेकर
छान आहे, पण ती म्हण ज्याला लावतात त्याला आपण ढ म्हणतो. वीस हजार खर्च करायला निघालेल्या माणसाला पालथा घडा म्हणून त्याच्याच स्लॅबचं कौतुक करायचं, इतकं वळण तीन सेकंदांत नाही जमायचं.

मडगावची_माई
इतका काथ्याकूट कशाला? बादलीला नारळ द्या! कामावरून काढलं की नारळच देतात ना? इतकी वर्षं चार महिने ड्युटी केली बिचारीने. 'यंदा बादलीला नारळ द्या.'

पेडण्याची_पोर
माई!!! 👏👏

ताळगावची_तनू
माई, हे फारच गोड आहे. लाथ म्हणजे हकालपट्टी, नारळ म्हणजेही हकालपट्टी. चित्राशी जुळतंय, वाक्प्रचार जिवंत आहे, मरण नाही, आणि जेमतेम आठ अक्षरांत बसतंय.

सत्तरीकर
माझं एक ऐकणार का? नारळ पडूनच आमची मंगलोरी कौलं फुटतात. छप्पर गळायला लागतं ते तिथून. गळतीच्या जाहिरातीत नारळ वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माड आणि फुटलेलं कौल येतं. बादली काढायची सोडून आणखी एक ठेवावी असं वाटतं.

उंडो_आणि_चा
सत्तरीकर काका चुकून आले आणि धाग्यातला सगळ्यात कामाचा आक्षेप घेऊन गेले.

निवृत्त_कॉपीवाला
हा आक्षेप मुंबईत बसलेल्या कुणालाही सुचला नसता, कारण तिथे नारळ कौलावर पडत नाही. पण मी तो निर्णायक मानत नाही. जाहिरात स्लॅबची आहे, कौलांची नाही. शहरी फोंड्यात नारळ चालेल. सत्तरी, डिचोलीच्या बागायती वाड्यांवर मात्र दोनदा विचार करेन.

मडगावची_माई
पण नारळ देवालाही देतात. बादलीला दिला तर कुणाचं मन दुखेल का, असं आमचे हे विचारत होते. मी म्हटलं, कामावरून काढलेल्या कारकुनाला देतात तेव्हा कुणाचं दुखत नाही.

बार्देशकार
आमगेर बालदीच म्हणटात. 'बादली' हा शब्द पुण्याचा. गोव्यात लावायचं तर गोव्याचा शब्द लावा. मुळात होर्डिंग कोंकणीत का नाही, राजभाषा कोंकणी आहे.

शब्दवेडा_सावर्डे
१९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, हेही वाचा.

बार्देशकार
वाचलंय. तुम्ही पण आख्खा वाचा.

व्यवस्थापक
हा विषय या धाग्यावर नको. त्यासाठी जुना धागा आहे, ६०० प्रतिसाद झालेत, तिथे अजून जागा आहे.

निवृत्त_कॉपीवाला
व्यवस्थापकांशी सहमत, पण बार्देशकारांचा पहिला मुद्दा सोनं आहे. 'बालदी' पोर्तुगीज 'बाल्द'वरून आलेली, गोव्यात मराठी बोलणारेही घरात बालदीच म्हणतात, आणि मुंबई-कोकणातही हा शब्द अनोळखी नाही. लेखी मराठीत 'बादली' शिष्ट ठरली एवढंच. गळणाऱ्या स्लॅबखाली रात्री दोन वाजता धावत जाऊन माणूस जी ठेवतो, ती बालदीच असते. 'बालदीला नारळ द्या.'

ताळगावची_तनू
बालदी पक्की. धन्यवाद, बार्देशकार. कोंकणी आवृत्ती काढायची का, हेही मी एजन्सीला विचारते, पण तो स्वतंत्र मथळा असेल. याचं भाषांतर नव्हे.

फ्लेक्सवाला_दादा
आता माझ्या बाजूचं. होर्डिंग २० बाय १० फुटांचं आहे असं धरतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ड्रायव्हरची नजर फार तर तीन सेकंद वर राहते, तेवढ्यात पन्नास मीटर संपतात. आमचा ठोकताळा असा की एक इंच उंच अक्षर साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येतं. पन्नास मीटर म्हणजे १६० फुटांवर, म्हणजे अक्षर सोळा इंची हवं. आणि देवनागरीत वरची वेलांटी, मात्रा, खालचा उकार यांना वेगळी जागा लागते. एक ओळ दोन फूट खाऊन जाते. इंग्रजीच्या जागेत मराठी दोन ओळींत बसवायला सांगतात तेव्हा ते अक्षर बारीक करतात, आणि मग कुणी वाचत नाही.

म्हणून जोडाक्षरं कमी असलेली ओळ द्या. 'द्या' एकच आहे, चालेल. 'कैलासवासी'त जोडाक्षर नसलं तरी मात्रा, वेलांटी आणि लांबी, म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच होती.

काणकोणचा_मौनी
पहिल्यांदाच लिहितोय. चित्रात पाय आहे, लाथ आहे, आणि विषय पाण्याचा. मग 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' कसं कुणाला आठवलं नाही? ती उलटी करा. 'लाथ माराल तिथे पाणी नाही!'

पेडण्याची_पोर
अरे देवा.

निवृत्त_कॉपीवाला
मौनी, तुम्ही इतके दिवस गप्प का होता! मी वर सांगितलेली तिन्ही कामं यात होतात. म्हण तोंडपाठ आहे, चित्रातला पाय तिला शब्दशः उभी करतो, आणि शेवटचे दोन शब्द तिला फिरवून वचन देतात. मूळ इंग्रजीने वाक्प्रचार शब्दशः करून गंमत साधली, इथे म्हण उलटवून. रस्ता वेगळा, पण हसू त्याच जागी येतं.

मडगावची_माई
आणि माझा नारळ?

उंडो_आणि_चा
माईंना नारळ मिळाला.

अस्नोडेकर
थांबा. हे मेमध्ये लागणार ना? मेमध्ये आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी. डिचोलीच्या नाक्यावर 'पाणी नाही!' असं सोळा इंची अक्षरात लागलं तर लोकांना वाटेल टँकरसाठी मोर्चा आहे. खाली निवडणुकीतला उमेदवार शोधतील.

काणकोणचा_मौनी
😂 हे डोक्यात आलं नाही. 'पाणी निघणार नाही' केलं तर?

फ्लेक्सवाला_दादा
लांबलं. शिवाय बोअरवेलवाल्याची उलटी जाहिरात वाटते.

ताळगावची_तनू
खालच्या ओळीतलं 'नॉट अ ड्रॉप' वर घेतलं तर? 'लाथ माराल तिथे थेंब नाही!' 'थेंब' म्हटलं की नळ आठवत नाही, गळती आठवते. मग खालची ओळ नुसती '१० वर्षं' एवढीच उरते.

निवृत्त_कॉपीवाला
चांगलं. पण एक किंमत आहे. 'पाणी' गेलं की म्हणीची ओळख थोडी पुसट होते. 'लाथ माराल तिथे' एवढ्यावर म्हण उभी राहते का, हे कुणाला तरी चित्र न दाखवता ऐकवून बघा. समोरच्याच्या तोंडून 'पाणी काढीन' आपोआप आलं पाहिजे. ते आलं तर 'थेंब'ने केलेला घात त्याला आवडेल. नाही आलं तर त्याच्यासाठी ते नुसतं विचित्र वाक्य आहे.

पेडण्याची_पोर
आत्ता दुकानात ऐकवलं. बाबा आणि एक गिऱ्हाईक, दोघांनी 'पाणी काढीन' पूर्ण केलं. दहावीतला भाऊ म्हणाला, 'लाथ कुणाला?'

मडगावची_माई
भावाचा प्रश्न बरोबर आहे. 'लाथ माराल तिथे' म्हणजे कुठे? घराला? आपण उंबऱ्यावर पाय पडला तरी नमस्कार करतो. घरादाराला लाथ मारायला सांगणारी जाहिरात माझ्या सासूबाईंना मुळीच आवडायची नाही, आणि स्लॅबचे पैसे आमच्याकडे त्याच देतात.

काणकोणचा_मौनी
चित्रात लाथ बालदीला बसलेली स्पष्ट दिसते ना, माई.

मडगावची_माई
चित्र दिसतं, पण बसमधून आधी अक्षरं वाचली जातात. आणि त्याच ओळीची पेपरात चित्राशिवाय पट्टी आली तर? रेडिओवर वाजली तर?

निवृत्त_कॉपीवाला
इथे माई जिंकल्या, निदान रेडिओपुरत्या. ही ओळ चित्रावर टेकलेली आहे, चित्र काढलं की पडते. नारळाची ओळ एकटी उभी राहते. तनू, एजन्सीला विचारा की मथळा फक्त होर्डिंगपुरता आहे की सगळीकडे जाणार आहे. याच्या उत्तरावर निवड ठरते, आपल्या आवडीवर नाही.

वकिलीण_बाई
सगळे मथळ्याच्या मागे लागलात, ताऱ्याकडे कुणी बघत नाही. दाव्याचं मराठी केलंत तर खालच्या अटीही मराठीतच हव्यात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे ते, खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मी पाहिलेल्या निम्म्या मराठी होर्डिंगवर मथळा मराठी आणि तारा इंग्रजी असतो.

आणि दुसरं. 'लाथ माराल तिथे' यात 'तिथे' म्हणजे सगळीकडे. अटींमध्ये मात्र सांधे, पाइपाची भोकं, जुन्या चिरा वगळलेल्या असणार. मूळ इंग्रजीतला मथळा इतकं मोठं वचन देत नव्हता, फक्त बादली उडवत होता. भाषांतरात दावा वाढला, हे कंपनीच्या वकिलाच्या लक्षात येईल.

सत्तरीकर
सांधे वगळलेले असतात?? मग माझ्या स्लॅबवर काय उपयोग!

अस्नोडेकर
म्हणून म्हटलं ना, आधी सांधा भरा.

निवृत्त_कॉपीवाला
वकिलीण बाईंचं मान्य, पण म्हणीला कुणी कायद्याच्या कसोटीवर घासत नाही असंही एजन्सी म्हणू शकते. माझ्या वेळी यावर तासन्‌तास भांडणं व्हायची. दोन्ही बाजूंना मुद्दा असायचा.

ताळगावची_तनू
सगळ्यांचे आभार. काल रात्री पाठवलं. एजन्सीत मराठी वाचणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक ओळीखाली इंग्रजीत टिपण जोडलं. नुसतं उलट भाषांतर दिलं असतं तर 'गिव्ह द बकेट अ कोकोनट' वाचून त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. टिपणांचा मजकूर साधारण असा:

पहिला पर्याय, 'बालदीला नारळ द्या.' शब्दशः: बादलीला नारळ द्या. वाचणारा काय समजतो: नोकरीवरून काढून टाका, थोड्या थट्टेने. मिळतं काय: चित्रातली हकालपट्टी, चित्राशिवायही चालते. जातं काय: मरणाचा धक्का. सावध: बागायती गावांत नारळ आणि फुटकी कौलं यांचा संबंध लागू शकतो.

दुसरा पर्याय, 'लाथ माराल तिथे थेंब नाही!' शब्दशः: जिथे लाथ माराल तिथे थेंब निघणार नाही. वाचणारा काय समजतो: कर्तबगार माणसाच्या फुशारकीची म्हण, उलटी केलेली. मिळतं काय: चित्राशी घट्ट मेळ, मूळ ओळीसारखं उशिरा येणारं हसू. जातं काय: चित्र काढलं तर अर्थ. सावध: दावा मोठा होतो, वकिलाला दाखवा, तरुण वाचकांत म्हण थोडी कच्ची.

'शंभर' पाठवलं नाही. कॉपीवाले काका, क्षमस्व.

निवृत्त_कॉपीवाला
छे, शंभर भरले होते त्याचे. टिपण उत्तम. 'सावध' हा रकाना बहुतेक लोक लिहीत नाहीत, कारण आपलाच माल आपण कशाला नावं ठेवायची असं वाटतं. पण तोच वाचून एजन्सी तुम्हाला दुसरं काम देते.

ताळगावची_तनू
उत्तर आलं! होर्डिंगला दुसरा, पेपर आणि रेडिओला पहिला. वकिलाने 'तिथे' वर बोट ठेवलं आहे, निर्णय सोमवारी. अटींचं मराठीही मलाच दिलं. त्याचे पैसे वेगळे मागितले आहेत.

वकिलीण_बाई
👍 लेखी घ्या.

मडगावची_माई
रेडिओवर नारळ! आमच्या ह्यांना सांगते. होर्डिंगवरच्या लाथेबद्दल माझं मत बदललेलं नाही.

फ्लेक्सवाला_दादा
तनूबाय, छपाईला मजकूर वर्ड फाइलमध्ये पाठवू नका. जुन्या कोरलमध्ये युनिकोड पेस्ट केलं की 'तिथे'ची वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर बसते, आणि डिझायनरला मराठी येत नसेल तर तो तसंच छापतो. अक्षरांची आउटलाइन करून पीडीएफ द्या, सोबत मोबाइलवरचा स्क्रीनशॉट द्या म्हणजे तो डोळ्यांनी ताडून बघेल. ओळ 'तिथे' नंतर तोडा, 'थेंब नाही!' खाली एकटं राहू द्या. उद्गारचिन्ह मी काढून टाकेन.

काणकोणचा_मौनी
उद्गारचिन्ह राहू द्या हो!

फ्लेक्सवाला_दादा
लांबून ते 'ही' च्या कान्यासारखं दिसतं. एका कँटीनच्या बोर्डावर बघितलंय मी.

ताळगावची_तनू
पूर्णविराम?

फ्लेक्सवाला_दादा
काहीच नको.